टाचदुखी: ताण, सुई की शॉकवेव्ह?

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून दहा-बारा पावलं टाकली की ती ओसरते, आणि दुपारी जेवायला बसून उठलं की पुन्हा येते. आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत टाच घेऊन येणारे बहुतेक जण हेच वर्णन करतात. सोलापुरात दिवसभर उभं राहून करायची कामं भरपूर आहेत. यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेत फळ्यासमोर लोक तासन् तास उभे असतात, आणि पायाखाली कोबा नाहीतर शहाबादी फरशी असते. त्यामुळे हे दुखणं इथे घरोघरी आहे.

त्यावर मिळणारे सल्लेही घरोघरी आहेत. कोणी सांगतं व्यायाम कर, कोणी सांगतं एक सुई घे नि मोकळी हो, आणि अलीकडे शॉकवेव्हच्या मशिनची पत्रकं हातात पडतात. या तिन्ही उपचारांवर चांगले अभ्यास झालेले आहेत. तिन्हींचा काही ना काही उपयोग होतो, पण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. कोणता उपचार दुखण्याच्या कोणत्या टप्प्यावर घ्यायचा, हे कळलं तर पैसे आणि महिने दोन्ही वाचतात.

उदाहरणासाठी आमच्याकडे नेहमी येणाऱ्या रुग्णांसारख्याच एक मावशी डोळ्यांसमोर आणू. वय सेहेचाळीस. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, आठ तास कोब्यावर उभं राहायचं काम. वजन थोडं जास्त, चार वर्षांपासून मधुमेह. उजवी टाच पाच महिने दुखतेय. एके ठिकाणी एक्स-रे काढला, तिथे सांगितलं की हाड वाढलंय. टाचेत स्टिरॉइडची सुई दिली. तीन आठवडे बरं वाटलं, मग दुखणं होतं तिथेच आलं. आता त्यांचा प्रश्न असतो, "मॅडम, आणखी एक सुई घेऊ का, का ते वाढलेलं हाड कापूनच टाकावं लागतंय?"

उत्तर देण्याआधी टाचेखाली काय आहे ते बघावं लागतं.

टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला, एक छोटा उंचवटा असतो. तिथून एक जाड, चिवट, पांढरा पट्टा निघतो. तो तळपायाभर पसरत पुढे जातो आणि त्याच्या पाच फांद्या होऊन पाचही बोटांच्या मुळाशी पोचतात. याला प्लांटर फॅशिआ म्हणतात. तो स्नायू नाही, त्यामुळे आपल्या इच्छेने आखडत नाही. आणि तो फारसा ताणलाही जात नाही, त्यातच त्याची ताकद आहे. तळपायाची कमान खाली बसू न देणं हे त्याचं काम.

त्याच्या कामाची खुबी हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ साली मांडली. चालताना टाच उचलली जाते आणि आपण चवड्यावर येतो, तेव्हा बोटं वरच्या दिशेने वळतात. बोटं वळली की विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जातो. पट्टा ताठ होतो, कमान उचलली जाते, आणि मऊ असलेला पाय पुढे रेटा देण्याइतका घट्ट होतो. प्रत्येक पावलाला हे घडतं. हे लक्षात ठेवा, कारण तपासणी आणि व्यायाम दोन्ही यावरच उभे आहेत.

दुसरी गोष्ट पोटरीची. पोटरीचे स्नायू टाचेमागच्या जाड शिरेतून, म्हणजे अकिलीस टेंडनमधून, टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. पोटरी आखडलेली असली की घोटा पुढे नीट वाकत नाही. मग चालताना कमानीवर आणि पट्ट्यावर जास्त ओढ येते. २००३ साली अमेरिकेत रिडल आणि सहकाऱ्यांनी टाचदुखीचे रुग्ण आणि टाच न दुखणारे लोक यांची तुलना केली. घोट्याची हालचाल कमी असणं हे त्यात सगळ्यांत मोठं जोखमीचं कारण निघालं, त्यानंतर लठ्ठपणा आणि कामाचा बहुतेक वेळ उभं राहणं. मावशींकडे तिन्ही होती.

आता त्या वाढलेल्या हाडाविषयी. एक्स-रेत टाचेखाली दिसणारा तो काटा पाहून माणूस घाबरतो, आणि ते साहजिक आहे. दिसायला तो खरंच टोचेल असा दिसतो. पण टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तसाच काटा असतो, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत तो नसतो. बऱ्याचदा तो फॅशिआत नसतोच, त्याच्या वर असलेल्या बोटांच्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतो. टाच बरी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तरी काटा जागेवरच दिसतो. त्यामुळे मावशींना पहिलं उत्तर असं की ते हाड कापायचं कारण नाही. ते हाड दुखत नाहीये.

मग दुखतं काय? फॅशिआचं टाचेजवळचं मूळ. पूर्वी सगळे धरून चालायचे की तिथे सूज, दाह आहे. २००३ साली लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दाहाच्या पेशी त्यांना आढळल्या नाहीत. आढळली ती झीज: तंतू विस्कटलेले, मधे चिकट द्रव साठलेला, बारीक चिरा. म्हणजे पट्ट्यावर रोज पडणारा भार आणि रोज होणारी दुरुस्ती यांचा मेळ बिघडतो आणि पट्टा मुळाशी जाड, निकस होत जातो. सोनोग्राफीत त्याची जाडी चार मिलिमीटरच्या वर गेलेली दिसते. हे नमुने शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या जुन्या दुखण्यांचे होते, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या दिवसांत थोडा दाह असू शकतो. पण पाच महिन्यांच्या दुखण्यात नुसता दाह मारून भागणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. सुईचा परिणाम तीन आठवड्यांत का उतरला, याचं उत्तरही इथेच आहे.

पण टाच दुखते म्हणजे फॅशिआच, असं मानून व्यायाम द्यायला बसायचं नाही. आधी बोट ठेवून बघायचं. मावशींना पालथं झोपवून अंगठा वर वळवून धरला आणि टाचेच्या आतल्या पुढच्या कडेवर बोट दाबलं, तर त्या पाय ओढून घेतात. नेमकी जागा सापडली. मग त्यांना पाटावर उभं करून बोटं पाटाच्या बाहेर येतील असं करायचं, आणि अंगठा वर उचलायचा. इथे आपण तोच रहाट फिरवून बघतो. टाचेत कळ आली तर निदान पक्कं. पण कळ आली नाही म्हणून फॅशिआ नाही असं म्हणता येत नाही, कारण खऱ्या रुग्णांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांनाच या चाचणीत दुखतं.

दुसरा हात टाचेच्या दोन्ही बाजूंना. दोन तळव्यांनी टाच दोन्हीकडून दाबायची. फॅशिआच्या दुखण्यात हे सहसा दुखत नाही. इथे जोरात कळ आली, आणि दुखणं अचानक चालणं वाढल्यानंतर सुरू झालेलं असेल, तर हाडाला बारीक तडा गेला असण्याची शंका येते. पायी वारीहून आलेल्या, भरतीसाठी एकदम धावायला लागलेल्या पोरांमध्ये, पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायकांमध्ये हे दिसतं. त्यांचं दुखणं चालून कमी होत नाही, वाढतच जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून शंका पक्की असली तर एमआरआय करून घ्यावा लागतो. अशा टाचेला मी पोटरीचा जोराचा व्यायाम देत नाही आणि शॉकवेव्हही लावत नाही.

तिसरं, नसेचं दुखणं. जळजळ होते, मुंग्या येतात, रात्री अंथरुणात पडल्यावरही होते, दिवस चढेल तशी वाढते. घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे बोटाने टकटक केली की तळपायात करंट जातो. असं असेल तर नस दबलेली आहे. कंबरेतून येणारी नस दबली तरी टाच दुखते, म्हणून कंबर आणि पाय सरळ उचलून बघणं चुकवायचं नाही. मावशींना मधुमेह आहे, त्यामुळे पायाची संवेदना जाड नायलॉनच्या धाग्याने तपासायलाच हवी. दोन्ही तळपाय रात्री जळत असतील तर तो मधुमेहाचा परिणाम असू शकतो, आणि टाच ताणून ते बरं होत नाही. संवेदना गेलेल्या पायाला बर्फ किंवा गरम शेक देताना भाजतं, जखम होते आणि कळतही नाही. मावशींची संवेदना शाबूत निघाली.

टाचेच्या बरोबर मधोमध, चालताना ठेच लागल्यासारखं दुखत असेल आणि तिथली गादी हाताला पातळ लागत असेल, तर दुखणं टाचेच्या चरबीच्या गादीचं असतं. त्याला मऊ चप्पल आणि टाचेला कप हाच मुख्य उपचार. आणि एक जण मला कायम जपून बघावा लागतो: विशी-तिशीतला तरुण, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते आणि आराम केल्यावर ती वाढते. त्याला फक्त टाचेचा व्यायाम देऊन घरी पाठवलं तर मणक्याचा संधिवात वर्षानुवर्षं हुकतो. त्याला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचं. शाळकरी मुलाची टाच मागून दुखत असेल तर ती वाढीच्या हाडाची गोष्ट असते, तिचा इथे संबंध नाही. ताप, रात्री झोप मोडणारी वेदना, लाल गरम टाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

मावशींच्या बाबतीत चित्र स्वच्छ आहे. गुडघा सरळ ठेवून घोटा काटकोनाच्या पुढे जेमतेम येतो, टाचेच्या आतल्या कडेला नेमकं दुखतं, बाकी काही नाही. आता उपचार.

पहिला ताण. २००३ साली अमेरिकेतल्या डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी एकशे एक रुग्ण घेतले, सगळ्यांची टाच दहा महिने किंवा त्याहून जास्त दुखत होती. एका गटाला नेहमीचा पोटरीचा ताण दिला, उभं राहून भिंतीला रेटण्याचा. दुसऱ्या गटाला फॅशिआचाच ताण दिला. आठ आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं दुसऱ्या गटात स्पष्टपणे जास्त कमी झालं होतं. दोन वर्षांनी विचारलं तेव्हा बहुतेक जण समाधानी होते.

तो ताण असा: खुर्चीवर बसा. दुखणारा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवा. हाताने बोटं मुळाशी धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा, तळपायात ताण बसेपर्यंत. दुसऱ्या हाताचं बोट तळपायावर फिरवून बघा. पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. लागत नसेल तर ताण बसत नाहीये. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. आणि पहिली खेप सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी, अंथरुणातच.

यात कुठे चुकतं ते मी रोज बघते. लोक फक्त बोटांची टोकं वाकवतात, बोटांचं मूळ वळत नाही, मग पट्टा ताठ होत नाही. दुसरं, सकाळची खेप राहते. मावशी म्हणतात, "उठल्या उठल्या पाणी यायची वेळ असते, कुठं पाय धरून बसू?" सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं हे ज्याला माहीत आहे तो त्यांना दोष देणार नाही. म्हणून मी त्यांना रात्री उशाशी एक ओढणी ठेवायला सांगते. गजर झाला की पडल्या पडल्या ओढणी चवड्याखाली अडकवून ओढायची, दोन मिनिटं. ते जमतं. पोटरीचा ताणही सोबत ठेवते, गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून, दोन्ही प्रकारे.

ताण चांगला आहे, पण तो पट्ट्याला मजबूत करत नाही. भार पेलायची सवय लावायची तर भारच द्यावा लागतो. २०१५ साली डेन्मार्कच्या राथलेफ यांनी अठ्ठेचाळीस रुग्णांवर हे करून बघितलं. अर्ध्यांना वरचाच ताण, अर्ध्यांना टाच उचलण्याचा व्यायाम, पण बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून. टॉवेलमुळे बोटं वर वळलेली राहतात, म्हणजे पट्टा आधीच गुंडाळलेला असतो आणि प्रत्येक वेळी टाच उचलताना त्याला जोराचा भार बसतो. तीन महिन्यांनी व्यायामाचा गट बराच पुढे होता. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच झाले. मी यातून असं घेते की हा व्यायाम लवकर बरं करतो, आणि ज्याला कामावर उभं राहायचंय त्याला ते महिने मोलाचे असतात.

टॉवेल सोलापूरकरांना शोधायला जावं लागत नाही. अंघोळीचा साधा टॉवेल घट्ट गुंडाळून जिन्याच्या पायरीच्या कडेशी ठेवायचा. चवडा पायरीवर, बोटं टॉवेलवर वर वळलेली, टाच कडेबाहेर. भिंतीला हात. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे वर थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. बारा वेळा केल्यावर तेराव्यांदा होऊ नये, इतका भार हवा. असे तीन फेरे, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक घेऊन भार वाढवायचा आणि दहा वेळांचे चार फेरे करायचे. चार आठवड्यांनी आणखी भार, आठ वेळांचे पाच फेरे. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर भार जास्त झाला, एक पायरी मागे यायचं. मावशींना मी हाच नियम तोंडपाठ करायला सांगते, कारण सकाळचं पाऊल खोटं बोलत नाही.

आता सुई. मावशींना दुसरी हवीय, कारण पहिलीने बरं वाटलं होतं. हे वाटणं खरं आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियात मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी ब्याऐंशी रुग्णांवर अभ्यास केला. सोनोग्राफीत बघून अर्ध्यांना स्टिरॉइड दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नव्हतं. चार आठवड्यांनी स्टिरॉइडवाल्यांचं दुखणं कमी होतं. आठ आणि बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक उरला नाही. २०१७ साली सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यातही तेच आलं: साधारण महिनाभर थोडा आराम, त्यापुढे नाही, आणि पुरावाही फार भक्कम नाही.

धोका दोन ठिकाणी आहे. एक, फॅशिआ तुटण्याचा. १९९८ साली अमेरिकेत असेवेदो आणि बेस्किन यांनी आपले सातशे पासष्ट टाचदुखीचे रुग्ण मागे वळून तपासले. त्यांतल्या एक्कावन्न जणांचा फॅशिआ तुटलेला होता, आणि त्यांपैकी चव्वेचाळीस जणांत ते स्टिरॉइडच्या सुईशी जोडलेलं होतं. अशा जुन्या नोंदींवरून प्रत्येक सुईमागे नक्की किती धोका ते ठरवता येत नाही, पण धोका काल्पनिक नाही. फॅशिआ तुटला की टाचेत कट्कन आवाज होतो, तळपाय काळानिळा पडतो. गंमत म्हणजे काही जणांची जुनी टाचदुखी तिथेच थांबते, पण कमान बसायला लागते आणि पायाच्या बाहेरच्या कडेला नवं, चिवट दुखणं सुरू होतं. दुसरं, टाचेची चरबीची गादी विरते. ती परत येत नाही. कोब्यावर आठ तास उभं राहणाऱ्या बाईची गादी घालवणं मला धास्तीचं वाटतं.

मधुमेह असलेल्यांना तिसरी गोष्ट सांगावी लागते. टाचेत दिलेलं स्टिरॉइडही रक्तात जातं आणि पुढचे काही दिवस साखर वाढते. मावशींना पहिल्या सुईनंतर आठवडाभर तोंड कोरडं पडलं होतं, लघवीला वारंवार जावं लागत होतं. त्याचा सुईशी संबंध असेल हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सुई घ्यायचीच असेल तर ते दिवस घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघायची आणि वाढली तर औषधांचं डॉक्टरांना विचारायचं.

म्हणून सुईला माझा सरसकट विरोध नाही. दुखण्याने माणूस व्यायामच करू शकत नसेल, लेकीचं लग्न पुढच्या आठवड्यात असेल, तर एक सुई, सोनोग्राफीत बघून, आणि तिने मिळालेल्या त्या चार आठवड्यांत व्यायाम सुरू करायचा. सुई ही व्यायाम सुरू करण्यासाठी मिळालेली सवड आहे. मावशींची ती सवड एकदा वापरून झाली आहे आणि तेव्हा व्यायाम कोणी शिकवलाच नाही. दुसरी सुई लगेच घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

शॉकवेव्हचं नाव ऐकून लोकांना विजेचा शॉक वाटतो. यात वीज पायात जात नाही. मशिनच्या दांड्यातून दाबाच्या लहरी टाचेत सोडतात. एका प्रकारात हवेच्या जोराने आत एक गोळी आपटते आणि लहर पसरत जाते, दुसऱ्यात लहर खोल एका बिंदूवर एकवटते. साधारण आठवड्याला एक अशी तीन बसणी, प्रत्येक बसणीत दोनेक हजार ठोके. दुखतं, पण सोसण्यासारखं असतं. त्यासाठी टाच भूल देऊन बधिर करू नये, कारण बधिर करून दिलेल्या शॉकवेव्हचा परिणाम कमी येतो हे २००५ साली जर्मनीत रोम्पे यांनी दाखवलं.

पुरावा कसा आहे? सुरुवातीला निराशा होती. २००२ साली ऑस्ट्रेलियात बुखबिंडर यांच्या अभ्यासात खरी शॉकवेव्ह आणि नाममात्र शॉकवेव्ह यांत काही फरक दिसला नाही. पुढे मात्र मोठ्या अभ्यासांत फरक दिसला. २००८ साली गेर्डेसमेयर यांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनी दुखणं खऱ्या शॉकवेव्हने ७२ टक्क्यांनी कमी झालं, खोट्या मशिनने ४५ टक्क्यांनी. २०१५ साली गोलविट्झर यांच्या अडीचशे रुग्णांच्या अभ्यासात आकडे ६९ आणि ३५ होते. हे दुसरे आकडे नीट बघा. खोट्या मशिननेही तिसरा हिस्सा दुखणं गेलं. त्यातला काही भाग मनाचा, आणि काही भाग असा की टाचदुखी बहुतेकांची हळूहळू आपोआपही उतरते. म्हणून "आमच्या मशिनने सत्तर टक्के आराम" अशी जाहिरात दिसली की त्यातला खरा मशिनचा वाटा त्याच्या अर्ध्याइतकाच धरायचा. तोही कमी नाही, पण तेवढाच आहे.

फरक दिसलेले हे दोन अभ्यास ज्यांवर झाले ते रुग्ण सहा महिन्यांहून जास्त काळ दुखणं आणि आधीचे उपचार फसलेले असे होते. नव्या दुखण्याचं काय? ते रोम्पे यांनीच २०१० साली तपासलं. दुखणं सुरू होऊन सहा आठवड्यांच्या आतले एकशे दोन रुग्ण. अर्ध्यांना शॉकवेव्ह, अर्ध्यांना तोच बसून करायचा फॅशिआचा ताण. दोन महिन्यांनी ताणवाले पुढे होते: समाधानी त्यांच्यात ६५ टक्के, शॉकवेव्हवाल्यांत २९ टक्के. म्हणजे महिनाभर दुखणाऱ्या टाचेला कोणी थेट शॉकवेव्हचं पॅकेज देत असेल, तर फुकटात होणारा आणि जास्त चांगला उपचार बाजूला ठेवून तुम्ही पैसे भरताय. गर्भवती, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, टाचेत जंतुसंसर्ग किंवा गाठ असलेले, आणि हाडांची वाढ चालू असलेली मुलं यांना शॉकवेव्ह द्यायची नाही.

मावशींचं असं ठरतं. बारा आठवडे ताण आणि टॉवेलचा व्यायाम. कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाखाली रबराची जाड चटई, आणि पातळ स्लीपरऐवजी टाचेला थोडी उंची आणि मऊपणा असलेली चप्पल. घरात अनवाणी चालायचं नाही, देवघरात जायचं तेवढं वगळून. तयार मिळणारा टाचेचा सोल घालायचा, मोजमाप घेऊन बनवलेला महागडा नको, कारण २००६ साली लँडॉर्फ यांच्या अभ्यासात दोन्हींचा फायदा सारखाच निघाला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वराच्या देवळात अनवाणी जायचंच आहे, तर त्या आठवड्यात व्यायामाचा भार वाढवायचा नाही.

सुरुवातीला सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं दहापैकी सात होतं. पहिल्या तीन आठवड्यांत फारसा फरक दिसत नाही, आणि याच ठिकाणी बहुतेक जण व्यायाम सोडतात. म्हणून मी हे आधीच सांगून ठेवते. सहाव्या आठवड्यात पाच, दहाव्यात तीन, अशी उतरती असली तर पुढे चालू ठेवायचं. मधे कामाचा ताण वाढला की एक-दोन दिवस पुन्हा सहावर जातं, त्याने घाबरायचं नाही. पण बारा आठवडे नियमाने करूनही आकडा सहाच्या खाली आलाच नाही, तर तेव्हा सोनोग्राफी करून फॅशिआची जाडी बघायची, निदान पुन्हा तपासायचं, आणि ते पक्कं असेल तर शॉकवेव्हची तीन बसणी, व्यायाम न थांबवता. तेव्हा दुखणं आठ महिन्यांचं झालेलं असेल, आणि शॉकवेव्हचा उपयोग ज्यांच्यावर सिद्ध झाला त्या रुग्णांत मावशी बसतील. त्याचा परिणाम शेवटच्या बसणीनंतर लगेच मोजायचा नाही, बारा आठवड्यांनी मोजायचा.